लेबलमध्ये लपलेला उन्हाळा

मार्च संपत आला तेव्हा नागपूरहून माझ्या धाकट्या बहिणीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. दुकानात मांडलेल्या एसीवरचं स्टार लेबल होतं ते. वर अर्धगोलात पाच तारे, खाली बारीक अक्षरांत चार-पाच आकडे, आणि एका कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा डाग. सोबत प्रश्न होता : "दादा, रात्री आठ तास लावला तर वर्षाला बिल किती वाढेल? दुकानदार म्हणतो सात हजार. खरं का?"

उत्तर मी दहा मिनिटांत देणार होतो. त्याला दोन संध्याकाळी लागल्या, कारण त्या चिकटपट्टीएवढ्या कागदात एक अख्खं वर्ष घडी घालून ठेवलेलं आहे हे मला तेव्हाच नीट दिसलं. ते वर्ष नागपूरचं नाही, पुण्याचं नाही, रत्नागिरीचंही नाही. कुठल्याच गावात ते कधी येत नाही, तरीही ते अगदी काटेकोर आहे.

आधी फोटोवरचे आकडे. यंत्र दीड टनी, इन्व्हर्टर. थंड करण्याची क्षमता ५००० वॉट. आयएसईईआर ५.२०. आणि वर्षाचा वीजवापर ट्यूबलाइटच्या डागाखाली : शेवटचे दोन अंक ४५ दिसत होते, पहिला ७ की ९ कळत नव्हता.

इथे थोडं थांबतो, कारण 'टन' हा शब्द ऐकायला जड असला तरी त्याचा यंत्राच्या वजनाशी काही संबंध नाही. बर्फाच्या लाद्यांनी गारवा विकला जायचा त्या काळातलं हे अमेरिकन माप आहे. तिथला एक टन, म्हणजे आपले ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता ओढणारं यंत्र एक टनाचं. वॉटमध्ये ते ३५१७ भरतं. म्हणजे दीड टनाला ५२७५ वॉट हवेत आणि बहिणीच्या लेबलवर होते ५०००. यात फसवणूक काही नाही, बाजारात 'दीड टन' हे ढोबळ नाव आहे. पण हिशेबासाठी नाव धरायचं नाही, वॉट धरायचे.

दुसरा आकडा आयएसईईआर. एसी वीज खाऊन गारवा 'बनवत' नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि त्या हमालीसाठी वीज खातो. हमाल एक भाकरी खाऊन पाच पोती उचलतो, तसं एक युनिट वीज खाऊन हे यंत्र पाच युनिटांहून अधिक उष्णता बाहेर नेतं. ५.२०चा अर्थ एवढाच : वर्षभराची सरासरी धरली तर एका युनिटामागे ५.२ युनिट उष्णता. पण हमालाला जिना चढायचा असेल तर तेवढ्याच भाकरीत तो कमी पोती नेईल. एसीचा जिना म्हणजे बाहेरची उष्णता. बाहेर ४२ अंश असताना उष्णता तिथे ढकलणं आणि २६ अंश असताना ढकलणं यांत फार फरक आहे. मग 'वर्षभराची सरासरी' काढताना वर्ष कुठलं धरायचं?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, त्यासाठी एक वर्ष तयार केलं आहे. ही पद्धत आधी ऐच्छिक होती आणि २०१८पासून सगळ्यांना बंधनकारक झाली. त्या वर्षात एसी १६०० तास चालतो. हे तास बाहेरच्या तापमानानुसार वाटून दिले आहेत, २४ अंशांपासून ४३ अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला ठरावीक वाटा. २४ अंशाला १४६ तास, २७ला १८३, ३०ला १२५, ३५ला ४६ आणि ४३ला फक्त ३. खोलीवरचा भारही ठरलेला आहे : बाहेर २३ अंश असतील तर भार शून्य, ३५ अंश असतील तर यंत्राच्या पूर्ण क्षमतेइतका, आणि मधल्या प्रत्येक अंशाला सारख्या पायऱ्यांनी वाढणारा.

हा तक्ता मी वहीत उतरवला आणि बेरजा करत बसलो. १६०० तासांपैकी ८३६ तास बाहेर २८ अंश किंवा त्याहून कमी. म्हणजे लेबलातल्या वर्षात निम्म्याहून अधिक वेळ एसी अशा हवेत चालतो, जिच्यात आपल्याकडे बरेच जण पंखाच लावतात. ३६ अंश आणि त्यापुढचे तास सगळे मिळून १३२. चाळीस आणि त्यापुढचे तीस. तीस तास! नागपूरचा मे महिना हे तीस तास एका आठवड्यात संपवतो. आणि सगळ्या १६०० तासांची सरासरी काढली तर ती येते २९ अंश. लेबलातला देश सदैव २९ अंशांच्या आसपास असतो.

मग मला आणखी एक गंमत सापडली, आणि ट्यूबलाइटच्या डागाचा प्रश्न तिनेच सोडवला. प्रत्येक अंशाचे तास आणि त्या अंशाचा भार यांचा गुणाकार करत गेलं आणि सगळं मिळवलं, तर १६०० तासांतलं काम पूर्ण क्षमतेच्या साधारण ७७५ तासांच्या बरोबर भरतं. तक्ता सगळ्या यंत्रांना एकच असल्याने हा आकडा कंपनीगणिक फारसा हलत नाही. म्हणून कुठल्याही आयएसईईआर लेबलवर हे नातं दिसलं पाहिजे :

वार्षिक युनिट = ७७५ × क्षमता (किलोवॉटमध्ये) ÷ आयएसईईआर

बहिणीच्या फोटोत : ७७५ × ५ = ३८७५, भागिले ५.२, उत्तर ७४५. डागाखालचा अंक ७ होता.

फोटो तिरका असो, पुसट असो, तीनपैकी दोन आकडे वाचता आले की तिसरा स्वतःच सापडतो. आणि तिन्ही वाचता येत असूनही मेळ बसत नसेल तर आपण चुकीची ओळ वाचतो आहोत. नेहमीची चूक म्हणजे, काही लेबलांवर क्षमता दोनदा असते, पूर्ण भाराची आणि निम्म्या भाराची, आणि घाईत निम्म्याची उचलली जाते. तेव्हा वरच्या सूत्राचं उत्तर बरोबर निम्मं येतं आणि चूक लगेच पकडता येते. लेबलवर आयएसईईआरच्या जागी नुसतं ईईआर असेल तर लेबल २०१८च्या आधीच्या पद्धतीचं आहे, त्याला हा हिशेब लावू नये.

तारे मोजायचे असतील तर लेबलचा काळही वाचायला हवा. २०१८ साली पाच ताऱ्यांसाठी आयएसईईआर ४.५० पुरत होता. जुलै २०२२पासून ५.०० लागू लागला. म्हणजे ४.६० आयएसईईआरचं तेच यंत्र आधी पंचतारांकित होतं आणि नंतर चार ताऱ्यांचं झालं, आतला एक स्क्रूही न बदलता. दुकानात जुना माल असू शकतो, आणि वापरलेला एसी घेताना तर नक्कीच असतो. म्हणून मी तारे बघतच नाही, आयएसईईआर बघतो.

आता मूळ प्रश्न. सरळ माणूस काय करेल? ७४५ युनिट भागिले १६०० तास, म्हणजे तासाला ०.४७ युनिट. याला आपल्या तासांनी गुणायचं. बहिणीचा बेत असा होता : एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ६१ रात्री, रात्री दहा ते सकाळी सहा, आणि मेमध्ये रोज दुपारी दोन तास, कारण सासूबाईंना दुपारचा उकाडा सोसत नाही. ६१ रात्रींचे ४८८ तास, दुपारचे ६२, एकूण ५५०. गुणिले ०.४७, साधारण २५८ युनिट.

हे उत्तर पुण्याच्या माणसाला मी निर्धास्तपणे दिलं असतं. पुण्यात एप्रिल-मेमध्येही रात्र उतरते. दहाला तिशीच्या आत असलेला पारा पहाटे तेवीसच्या आसपास येतो. लेबलातलं वर्ष तिथल्या रात्रींशी बऱ्यापैकी जुळतं, उलट थोडं कडकच पडतं. नागपुरात मेमध्ये पहाटेचं किमानच अठ्ठावीसच्या आसपास असतं आणि रात्री दहाला भिंती दिवसभराचं ऊन परत देत असतात. तिथल्या रात्रीची सरासरी मी ३१ अंश धरली. २९ आणि ३१ यांत फरक दोनच अंशांचा दिसतो, पण भार २३पासून मोजायचा असतो. २९ला सहा पायऱ्या, ३१ला आठ. काम एकतृतीयांशाने वाढलं. शिवाय बाहेर जास्त तापलेलं असल्याने हमालाचा जिनाही उंच झाला आणि इन्व्हर्टरला जास्त वेगाने फिरावं लागलं. वीज कामापेक्षा वेगाने वाढते ती यामुळे.

किती वाढते हे काढायला मी दुसरा फोटो मागवला, यंत्राच्या बाहेरच्या युनिटला लावलेल्या पत्र्याच्या पट्टीचा. तिच्यावर 'रेटेड पॉवर इनपुट' असा आकडा असतो. बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना, पूर्ण क्षमतेने चालताना यंत्र किती वीज ओढतं ते हा आकडा सांगतो. तो होता १४०० वॉट. त्याच्या जवळच 'मॅक्सिमम'चा त्याहून मोठा आकडा असतो. तो वायर आणि एमसीबी निवडण्यासाठी असतो, बिलाच्या हिशेबात तो घ्यायचा नाही.

आता हातात दोन खुंट्या आल्या. २९ अंशांच्या हवेत तासाला साधारण ०.४७ युनिट, ही लेबलची खुंटी. ३५ अंशांच्या हवेत तासाला १.४ युनिट, ही पट्टीची खुंटी. मधे दोरी ताणायची. ३१ अंश म्हणजे सहा अंशांच्या अंतरातले दोन, एकतृतीयांश वाट. ०.४७ मध्ये ०.९३चा तिसरा हिस्सा मिळवला की ०.७८, म्हणजे ०.८ युनिट. खरी रेघ दोरीपेक्षा थोडी खाली झोळ देऊन जाते, त्यामुळे हा आकडा जरा वरचाच आहे. पण लेबलच्या चाचणीत खोली २७ अंशांवर असते, आणि २०२०पासून विकलेले एसी सुरू करताच २४वर येतात. एका अंशामागे साधारण सहा टक्के वीज हे बीईईचंच मोजमाप आहे. तीन अंशांचा तो फरक झोळ भरून काढतो. म्हणून ०.८ धरायला मला संकोच वाटला नाही.

दुपारी बाहेर बेचाळीस. तिथे दोरीचा प्रश्नच नाही, यंत्र पूर्ण जोराने पळतं आणि पट्टीवरच्यापेक्षा थोडं जास्तच ओढतं. तासाला १.६ धरले.

हिशेब असा बसला. एका रात्रीचे आठ तास, ६.४ युनिट. एप्रिलच्या पंधरा रात्री ९६ युनिट. मेच्या एकतीस रात्री १९८, आणि दुपारचे ९९, मिळून २९७. जूनच्या पंधरा रात्री पुन्हा ९६. एकूण ४८९ युनिट. लेबलचा सरळ भागाकार २५८ सांगत होता. यंत्र तेच, तास तेच, आणि वीज जवळपास दुप्पट. लेबल खोटं बोलत नाही. ते आपल्या त्या न येणाऱ्या वर्षाबद्दल खरंच बोलतं.

कोकणातला वाचक म्हणेल, आमच्याकडे बेचाळीस कुठे होतं? नाही होत, पण तिथे हमालावर दुसरं ओझं येतं. लेबलातल्या तक्त्यात फक्त तापमानाच्या पायऱ्या आहेत, ओलाव्याच्या नाहीत. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन टपकते, आणि प्रत्येक लिटरमागे ती ०.६८ युनिट उष्णता कॉइलला देऊन जाते. पाच पटीने उष्णता वाहणाऱ्या यंत्राला त्यासाठी ०.१४ युनिट वीज लागते. रत्नागिरीत किंवा मुंबईत एसीच्या नळीखाली रात्रभर बादली ठेवून पाहा. सकाळी पाच लिटर पाणी असेल तर ०.७ युनिट वीज खोलीतली दमट हवा सुकवण्यात गेली. उष्णतेचं माप एरवी दिसत नाही, इथे ते बादलीत साठलेलं दिसतं.

युनिट झाले, आता रुपये. आणि इथली चूक माझ्या मते सगळ्यांत महाग पडते. बहुतेक लोक मागचं बिल काढतात, रकमेला युनिटांनी भागतात आणि तो दर एसीच्या युनिटांना लावतात. पण महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे, आणि एसी कधीच खालच्या पायरीवर बसत नाही. खालच्या पायऱ्या फ्रिज, पंखे, टीव्ही यांनी आधीच अडवलेल्या असतात. एसी सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसतो.

२०२४-२५चं दरपत्रक घेऊन पाहू. दर बदलत राहतात, तेव्हा आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालावेत. वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३००पर्यंत ११.४६, ३०१ ते ५००पर्यंत १५.७२, आणि ५००च्या पुढे १७.८१. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक वेगळा असतो, तो इथे सोडला आहे. स्थिर आकारही सोडला आहे, कारण एसी लावल्याने तो वाढत नाही.

बहिणीच्या घरात एसीशिवाय महिन्याला १८० युनिट होतात. त्यांचा सरासरी दर शुल्कासह ९.७० रुपये पडतो. एप्रिलमध्ये एसीचे ९६ युनिट मिळवले की २७६ होतात, म्हणजे सगळे ९६ दुसऱ्या पायरीवर : ९६ × ११.४६ = ११००, शुल्कासह १२७६ रुपये. जूनचेही तेवढेच. मेमध्ये मात्र २९७ युनिट येतात. त्यांतले १२० दुसऱ्या पायरीवर मावतात आणि १७७ तिसरीवर चढतात. १३७५ अधिक २७८२, म्हणजे ४१५७, शुल्कासह सुमारे ४८२३. तीन महिने मिळून साधारण ७३७५ रुपये. एसीच्या एका युनिटाला सरासरी पंधरा रुपये पडले, घराच्या नेहमीच्या दराच्या दीडपट.

आणि आता दुकानदाराचे सात हजार. हा आकडा त्याने कसा काढला असेल याचा मला थोडा अंदाज आला : ७४५ युनिट गुणिले साधा सरासरी दर, ७४५ × ९.७० = ७२२६. उत्तर माझ्या उत्तराला लागूनच होतं! पण त्याने तास जवळजवळ तिप्पट धरले, नागपूरची हवा निम्मीच कडक धरली आणि दर दोनतृतीयांश धरला. तीन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. बहिणीने उद्या दुपारचा वापर बंद केला, किंवा पुण्याला बदली झाली, की त्या आकड्याचा आधार सुटणार. तिला मी सांगितलं, दुकानदाराचं उत्तर बरोबर आहे, पण त्याच्या वाटेने जाऊ नकोस.

तिचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. तीन ताऱ्यांचा एसी काही हजारांनी स्वस्त होता, मग तोच घ्यावा का? त्याचा आयएसईईआर ४.०० होता. ५.२ला ४ने भागलं की १.३, म्हणजे तेवढ्याच कामाला तीस टक्के जास्त वीज : ४८९च्या जागी ६३६ युनिट. फरक १४७ युनिटांचा. पण हे १४७ सगळ्यांत वर चढणारे आहेत. मेमध्ये घराची बेरीज ५६६वर जाते आणि तिथे चौथी पायरी सुरू होते. महिन्या-महिन्याने मांडलं तर फरक एप्रिलला ४१०, मेला १७८३, जूनला ४१०, वर्षाला साधारण २६०० रुपये. १४७ युनिटांना भागून पाहा, युनिटाला साडेसतरा रुपयांच्या वर.

हे २६०० मी तिला 'जास्तीत जास्त' म्हणून सांगितले. कारण चांगल्या इन्व्हर्टरची हुशारी मंद चालण्यात असते. निम्म्या भारावर कॉम्प्रेसर सावकाश फिरतो तेव्हा तो तीन ताऱ्यांच्या यंत्राला फार मागे टाकतो. बेचाळीस अंशांत दोघंही पूर्ण जोराने पळतात आणि अंतर कमी होतं. लेबलातल्या वर्षात मंद चालण्याचे तास भरपूर आहेत, म्हणून तिथे तीस टक्के दिसतात. नागपूरच्या दुपारी ते दिसणार नाहीत.

याच हुशारीमुळे रात्रीचा प्रत्येक तास सारखा नसतो. दहा ते अकरा या तासात यंत्र तापलेल्या भिंती, गादी, कपाट सगळं उतरवत असतं आणि सव्वा युनिटापर्यंत खाऊ शकतं. पहाटे पाच ते सहा या तासात ते अर्ध्या युनिटाच्या आसपास, नुसतं गुणगुणत असतं. 'पहाटे दोन तास आधी बंद केला तर पाव बिल वाचेल' असं वाटतं, तेवढं ते वाचत नाही. रोजचे तास विचारायचे तर किती एवढंच विचारून भागत नाही, कुठले हेही विचारावं लागतं.

हा सगळा कागदावरचा हिशेब झाला. त्याचा न्याय करणारा घरातच असतो, जिन्याखालच्या मीटरमध्ये. एसी बंद असलेल्या एका रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचा आकडा टिपायचा. फ्रिज आणि पंखे मिळून किती खातात ते कळतं. दुसऱ्या रात्री एसी लावून तेच करायचं. वजाबाकी म्हणजे एसीची रात्र. गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप त्या आठ तासांत लावायचा नाही, एवढीच अट. बहिणीसाठी मी काढलेला आकडा ६.४ आहे. मीटर साडेपाच ते साडेसात यांत काहीही दाखवेल तर हिशेब जमला. पाचाच्या खाली आला तर खोली यंत्राच्या मानाने लहान किंवा सावलीतली आहे. नऊच्या वर गेला तर आधी आतल्या जाळीवरची धूळ बघायची. मग बाहेरचं युनिट : ते ग्रिलच्या पिंजऱ्यात किंवा अरुंद डक्टमध्ये असेल तर स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत असतं. त्याच्यासाठी बाहेर ३५ नसतात, ४५ असतात, आणि लेबलातलं कुठलंच वर्ष मग उपयोगी पडत नाही.

बहिणीने पाच ताऱ्यांचा घेतला आणि भिंतीवर मोकळ्या जागी बसवला. सासूबाईंची दुपार कायम आहे. मेमधली पहिली वजाबाकी तिने मला फोनवर वाचून दाखवली : ६.१ युनिट.

तुमच्या घरी एसी असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी मीटरचा फोटो काढून ठेवा, आणि सकाळी दुसरा.